साला शिवी कशी झाली, आणि मच्चान मित्र कसा झाला?

सांजवात

गेल्या महिन्यात ऑफिसात चेन्नईहून एक नवीन मुलगा आला. दोन दिवसांत तो सगळ्यांना 'मच्ची', 'मच्चान' म्हणू लागला. चौकशी केल्यावर कळलं की मच्चान म्हणजे मेहुणा. मग आमचा लखनौचा सहकारी म्हणाला, "आमच्याकडे कुणाला मेहुणा म्हटलं तर मारामारी होते." खरंच आहे. हिंदीत साला ही शिवी आहे, बंगालीत शाला ही शिवी आहे, पंजाबीतही तेच. नातं मात्र एकच, बायकोचा भाऊ.

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. एकाच नात्याचा शब्द एका भाषेत शिवी आणि दुसऱ्या भाषेत जिवलग मित्राला मारायची हाक, हे कसं झालं असेल? आणि मराठी यात नक्की कुठे बसते? नवरा-बायको आणि सासरच्यांवरचे विनोद आठवून पाहिले तर तिथेही हाच फरक दिसेल असं वाटतं. जाणकारांनी लिहावं.

बिनधास्त_बाबू

यात कोडं कसलं? साला म्हणजे 'तुझी बहीण माझी बायको'. समोरच्याच्या बहिणीवर हक्क सांगितला की अपमान झाला. इतकंच आहे. बहिणीवरून दिल्या जाणाऱ्या सगळ्या शिव्या याच मार्गाने आल्यात.

एकशिंगी

वा, छान विषय. माझ्याकडून भर. लग्न न झालेल्यासाठी मराठीत सडाफटिंग, एकटा जीव सदाशिव, वय उलटून चाललेला असेल तर घोडनवरा, फार घाई असेल तर गुडघ्याला बाशिंग. पंजाबीत छडा, तमिळमध्ये कट्टै ब्रह्मचारी. लग्न झालं की चतुर्भुज झाला, दोनाचे चार हात झाले, बोहल्यावर चढला. इंग्रजीत गाठ बांधतात, आणि लग्न न झालेली बाई फडताळावर राहते. अजून कुणाला आठवतात का? यादी करू या.

सांजवात

एकशिंगी, यादी छान आहे, पण माझा प्रश्न मेहुण्यापुरता आहे. अविवाहितांचे शब्द वेगळ्या धाग्यात घेऊ या का? इथे मिसळले तर मूळ मुद्दा हरवेल.

बिनधास्त_बाबू, तुमचं म्हणणं पटतंय, पण मग मच्चानचं काय? त्याचाही अर्थ 'तुझी बहीण माझी बायको' असाच होतो ना?

ओसरीवरून

सांजवात, तुम्ही नेमकं ठिकाण पकडलंत. बाबूंनी सांगितलेलं कारण खरं आहे, पण ते अर्धंच आहे. तेवढ्याने मच्चान उलगडत नाही.

आधी उत्तरेकडे बघू. हिंदी पट्ट्यातले शिवीसारखे वापरले जाणारे नात्याचे शब्द आठवा: साला, साली, ससुरा, ससुरी. अवधी-भोजपुरीत 'ससुरा' उठता-बसता येतो, बैलालासुद्धा म्हणतात. हे सगळे बायकोच्या माहेरचे लोक. आता नवऱ्याकडची नाती घ्या: जेठ, देवर, ननद. यांची शिवी झाली नाही. मुलीच्या घरून पाहिलं तर जीजा आणि जमाई, त्यांचीही नाही. उलट जमाई 'राजा' असतो. म्हणजे मुलगी देणारे जे जे, त्यांच्याच नात्यांच्या शिव्या झाल्या.

यामागे तिथली लग्नाची रीत आहे. उत्तरेत मुलगी सहसा वरच्या मानाच्या घरी द्यायची, दुसऱ्या गावात द्यायची, आणि जिथे दिली त्या घरातून पुन्हा मुलगी आणायची नाही. देणारा कायमचा खाली, घेणारा कायमचा वर. अशा समाजात कुणाला साला म्हणणं म्हणजे 'तू देणारा, मी घेणारा, तुझी जागा माझ्या खाली' असं सांगणं. बहिणीवरचा हक्क त्यात आहेच, पण डंख या वर-खालीत आहे.

दक्षिणेत रीत वेगळी. तमिळ, तेलुगू, कन्नड मुलखात मामाची मुलगी किंवा आतेची मुलगी करणं ही जुनी, मान्य चाल आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेतल्या लोकांच्या खास चालींची नोंद आहे, तिथे मामाच्या आणि आतेच्या मुलीशी लग्न ही एक म्हणून सांगितलेली आहे. म्हणजे चाल केवढी जुनी ते बघा. अशा घरात मच्चान म्हणजे तुमचा आतेभाऊ किंवा मामेभाऊ. लहानपणी एकत्र खेळलेला. आज त्याची बहीण तुमच्या घरी आली, उद्या तुमच्या घरची मुलगी त्याच्या घरी जाईल. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी चालतं, त्यामुळे वर-खाली कायम राहत नाही. 'तुझी बहीण माझी बायको' हे वाक्य तिथेही लागू होतं, फक्त त्याचं उत्तर 'आणि तुझी माझी' असं तयार असतं. म्हणून तो शब्द बरोबरीच्या मित्राला चालतो. मल्याळममध्येही असंच आहे, अळियन म्हणजे मेहुणा आणि मित्राला हाक 'अळिया'. श्रीलंकेत सिंहली मुलं 'मचांग' म्हणतात, तेही याच घरातलं.

नागपूरकर_संत्री

ओसरीवरून, थोडी दुरुस्ती. आमच्याकडे बायकोच्या भावाला साला सरळ म्हणतात, पत्रिकेतही सालेसाहेब लिहिलेलं मी पाहिलंय. शिवी वाटत नाही. म्हणजे मराठीत ती शिवी नाहीच असं म्हणावं लागेल.

ओसरीवरून

नागपूरकर, हिंदीतही नातं म्हणून साला सरळच म्हणतात, 'मेरे साले की शादी है' यात काही वावगं नाही. शिवी होते ती नातं नसलेल्याला म्हटलं की. तुमच्याकडे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला म्हणून बघा, उत्तर मिळेल. पण तुमच्या बोलण्यातून एक खरी गोष्ट पुढे येते. विदर्भाच्या बोलीत तो नात्याचा शब्द म्हणून जिवंत आहे. पुण्या-साताऱ्याकडे नात्यासाठी मेहुणा आहे आणि साला नुसता तोंडी लावायला, 'साला, काय पाऊस पडतोय' असा. नात्याशी तार तुटली की शब्दाची धार जाते, तसं तिथे झालंय.

आता मराठीकडे. मेहुणा हा शब्द नीट पाहा. मराठीत बायकोचा भाऊ मेहुणा, आणि बहिणीचा नवराही मेहुणा. देणाराही तोच, घेणाराही तोच. हिंदीत साला आणि बहनोई यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आपल्याकडे दोघांना एकच शब्द पुरतो. तमिळ मैत्तुनन, कन्नड मैदुन हे याच शब्दाचे भाऊ आहेत, संस्कृत मैथुन शब्दावरून आलेले. आणि जेवायला मेहुण बोलावतो तेव्हाचं मेहुणही तेच, जोडपं.

इरावती कर्वे यांनी 1953 साली भारतातल्या नातेव्यवस्थेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात धरला आहे. उत्तरेची भाषा, आणि लग्नाच्या चालीत दक्षिणेचा अंश. मराठ्यांत आणि इतर अनेक जातींत मामाची मुलगी चालते, नव्हे, तिच्यावर पहिला हक्क मानतात. आतेची मुलगी मात्र बहुतेक ठिकाणी नको असते. म्हणजे देवाणघेवाण आहे, पण एकाच दिशेने वाहणारी. म्हणूनच मेहुण्या ही आपल्याकडे ना धड शिवी, ना धड मच्ची. गावात 'काय मेव्हण्या' म्हणून चिडवतात, समोरचा हसतो, पण प्रत्येकाला म्हणता येत नाही.

आत्याबाईंची_सून

मला माझं सांगायचं आहे, विषयाला धरून आहे की नाही बघा. माझं माहेर इंदूरचं, सासर कराडजवळच्या गावातलं. लग्न झाल्यावर पहिल्याच दिवशी जावेने सांगितलं, सासूबाईंना आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्यांना मामंजी. मी चक्रावून गेले. माझ्या आत्या उज्जैनला आहेत, मामा भोपाळला. या दोघांचा माझ्याशी लग्नाआधी काही संबंध नव्हता. वर्षभर तोंडात शब्द बसत नव्हता. आता वाचताना लख्ख प्रकाश पडला. मामाच्या मुलाशी लग्न केलं तर सासरा मामाच, आणि आत्याच्या मुलाशी केलं तर सासू आत्याच. बरोबर ना?

ओसरीवरून

अगदी बरोबर, आणि याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? लग्न नात्यात झालं नाही तरी हाका नात्यातल्या लग्नाच्याच राहिल्या. तमिळमध्ये अत्तै म्हणजे आत्या आणि सासूही. कन्नडमध्ये अत्ते, तेलुगूत अत्ता, दोन्ही अर्थ. आपली आत्या त्यांच्या शेजारी ठेवून बघा. हिंदीत बुआला सासू म्हणायची कल्पनाच कुणाला सुचणार नाही.

एक बारीक गोष्ट तुमच्या घरातच आहे. सासू आत्या असेल तर मुलगी आपल्या बापाच्या बहिणीच्या घरी गेली, म्हणजे मुलाने मामाची मुलगी केली. मराठीतली पसंतीची चाल हीच. सासरा मामा असेल तर मुलाने आत्याची मुलगी केली, जी आपल्याकडे टाळतात. हाका मात्र दोन्ही टिकल्या आहेत. यावरून एकेकाळी दोन्ही चालत असाव्यात असा माझा अंदाज आहे, ठाम विधान करत नाही.

दिवाणखाना

चेन्नईत बारा-पंधरा वर्षं काढली आहेत म्हणून लिहितो. मच्चान सगळीकडे गोड असतो असं समजू नका. मित्राला मच्ची म्हणतात, मुलीही एकमेकींना म्हणतात. पण अनोळखी तरुणाला, त्याची बहीण बाजूला असताना मच्चान म्हटलं तर तिथेही कॉलर धरली जाते. 'मामा' तर आणखी जपून वापरावा. मित्राला चालतो, पण पोलिसाला मामा म्हणतात, आणि बाया पुरवणाऱ्यालाही मामा म्हणतात. तुरुंगाला 'मामियार वीडु', सासूचं घर.

सांजवात

तुरुंग म्हणजे सासर हिंदीतही आहे, 'ससुराल हो आया'. आणि ट्रॅफिक पोलिसाला मामा आपणही म्हणतो, 'पुढच्या चौकात मामा उभाय'. इथे उत्तर-दक्षिण फरक का पडत नाही?

ओसरीवरून

कारण तिथे सासर पाहुणचाराचं आहे, फुकट जेवण आणि बाहेर पडायला बंदी. जावयाचं सासर सगळ्या देशात तसंच असतं. दिवाणखान्यांचा मुद्दा मात्र मोलाचा. बहीण प्रत्यक्ष समोर असली की शब्द पुन्हा नात्याचा होतो. बाबूंचं अर्ध कारण तिथे पूर्ण लागू पडतं.

पैठणीचा_पदर

मला दुसऱ्या बाजूने लिहायचंय. इथे सगळे साला आणि मेहुणा यांच्याबद्दल बोलताय. 'साली आधी घरवाली' या म्हणीबद्दल कुणी काही बोललं नाही. माझ्या बहिणीचं लग्न झालं तेव्हा मी कॉलेजात होते. तिच्या सासरकडचे काका, मामा, सगळे मला बघून हे वाक्य म्हणायचे आणि हसायचे. मला भाऊजींसमोर जायला नको वाटायचं. भाऊजी बिचारे सज्जन होते, त्यांनाही अवघड व्हायचं. भाऊ शिवीचा धनी होतो तेव्हा तो निदान चिडू शकतो. बहिणीने चिडायचं नाही, लाजायचं, अशी अपेक्षा असते. हा विनोद मला कधीही विनोद वाटला नाही.

ओसरीवरून

पैठणीचा पदर, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. मानववंशशास्त्रात रॅडक्लिफ-ब्राउन यांचा 1940 सालचा थट्टेच्या नात्यांवरचा लेख प्रसिद्ध आहे. त्यांचं म्हणणं असं की लग्नाने दोन घरं जोडली जातात, पण हितसंबंध वेगळेच राहतात, भांडणाची शक्यता कायम असते. ती दोन प्रकारे आवरतात. काही नात्यांत अंतर ठेवून, जसं सून आणि सासरा, किंवा जावई आणि सासू. काही नात्यांत थट्टेची मुभा देऊन, जसं दीर-वहिनी, मेहुणी-भाऊजी. ज्याची थट्टा होते त्याने राग धरायचा नाही, हा त्या नात्याचा नियमच असतो. त्याची किंमत कोण चुकवतं ते तुम्ही सांगितलंत, आणि ते त्या लेखात नाही.

सातारी_पाव्हणं

आमच्याकडं अनोळखी माणसाला 'काय पाव्हणं, कुठलं गाव' असंच इचारत्यात. पाव्हणं म्हंजी सोयरा. दाजी पण चालतं. पोरं मित्राला 'काय दाजी' म्हणत्यात. दाजी म्हंजी बहिणीचा नवरा, म्हंजी स्वतःकडं कमीपणा घेऊन समोरच्याला मान दिला. साल्याच्या बरोब्बर उलटं. हे मच्चानच्या जवळचं न्हवं का?

आणि कानपिळी इसरला सगळी. लग्नात नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि कापडं घेतो. उत्तरेत साला जीजाचा कान पिळंल का?

ओसरीवरून

पाव्हणं, कानपिळी मीच लिहायला हवी होती. आपल्या लग्नाचा तो क्षण डोळ्यांसमोर आणा. अक्षता पडल्यात, नवरा बोहल्यावर आहे, सगळे त्याचा मान राखताहेत. तेवढ्यात नवरीचा भाऊ, बऱ्याचदा दहा-बारा वर्षांचा पोर, पुढे येतो आणि सगळ्यांच्या देखत त्याचा कान धरून पिळतो. 'माझ्या बहिणीला नीट वागव' असा त्याचा अर्थ लावतात. आणि नवऱ्याने रागवायचं नाही, उलट त्याला पोशाख द्यायचा. मुलगी देणारा माणूस मुलगी घेणाऱ्याच्या अंगाला हात लावतो आणि वर मान घेतो. उत्तरेत मुलीकडच्यांचा सूड वेगळ्या वाटेने निघतो. वऱ्हाड जेवायला बसलं की मुलीकडच्या बायका गारी गातात, पंजाबात सिट्ठणियां, त्यात नवऱ्याच्या आई-बहिणींची नावं घेऊन भरपूर ऐकवतात. पण ते बायकांनी, गाण्यातून आणि तेवढ्या वेळापुरतं. भावाला ती मुभा नाही.

'दाजी' बद्दल तुमचं निरीक्षण उत्तम. मित्राला दाजी म्हणणारा स्वतः देणाऱ्याच्या जागी उभा राहतो. यात मित्राची थट्टाही आहे, कारण दाजीला मान दिला की पुढे खर्चही त्यानेच करायचा असतो.

दिवाणखाना

संस्कृत नाटकांतला राजश्यालक आठवला. मृच्छकटिकातला शकार राजाचा मेहुणा म्हणून गावभर मिरवतो, मूर्ख आणि क्रूर. शाकुंतलाच्या सहाव्या अंकात अंगठी सापडलेल्या कोळ्याला पकडून आणणाऱ्या शिपायांचा अधिकारीही राजाचा श्यालच. म्हणजे 'बायकोच्या भावाची वर्णी लागली' हा विनोद तेव्हाही होता. हिंदीतली 'सारी खुदाई एक तरफ, जोरू का भाई एक तरफ' ही म्हण त्यातलीच. मग साला शिवी होण्यात या वशिल्याचाही हात असेल का?

लीड्सहून

इंग्लंडात राहते, तिथलं लिहिते. इथे ब्रदर-इन-लॉ हा शब्द इतका कोरडा आहे की त्यावर ना शिवी ना लाड. विनोद सगळे सासूवर, आणि ते सांगतो जावई. घरात लावतात त्या एका टोकदार पानांच्या झाडाचं नावच सासूची जीभ आहे. बायकोला लंडनच्या जुन्या बोलीत ट्रबल अँड स्ट्राइफ म्हणायचे, तेही 'वाइफ'शी यमक जुळतं म्हणून. मराठीत सासूचे विनोद सून सांगते. जावयाने सासूवर केलेला विनोद मला एकही आठवत नाही.

ओसरीवरून

कारण इथे सासू-सुना एका छपराखाली, तिथे जोडपं वेगळं राहतं आणि बायकोची आई येऊन-जाऊन. ओढाताण ज्या नात्यात, विनोद त्यावर. आपला जावई सासूवर कशाला बोलेल? अधिक महिन्यात ती त्याला तेहतीस अनारसे वाढते. उलट विनोद जावयावरच होतात, आणि सासऱ्याच्या तोंडून. 'सदा वक्रः सदा क्रूरः सदा पूजामपेक्षते, कन्याराशिस्थितो नित्यं जामाता दशमो ग्रहः.' सगळे ग्रह राशी बदलतात, हा एक कन्या राशीतून हलत नाही. 'असारे खलु संसारे सारं श्वशुरमन्दिरम्' हा दुसरा श्लोकही तसाच, शंकर हिमालयात झोपतो, विष्णू समुद्रात, दोघेही सासऱ्याच्या घरी.

दिवाणखाना, वशिल्याचा हात असेलही. पण मग मच्चानच्या मुलखात राजे नव्हते का, त्यांचे मेहुणे नव्हते का? म्हणून मी तो जोडीचं कारण मानतो, मुख्य नाही.

बिनधास्त_बाबू

तुमचं सगळं मान्य करतो, पण एक गोष्ट अडते. उर्दू बोलणाऱ्या मुसलमान घरांत चुलत, मामे, मावस, आते सगळी लग्नं चालतात. तिथे मेहुणा हा लहानपणापासूनचा भाऊच असतो. वर-खाली नाही, परका नाही. मग तुमच्या नियमाने साला तिथे मच्चान व्हायला हवा होता. तो तर तिथेही पक्की शिवी आहे.

ओसरीवरून

बाबू, हा माझ्या मांडणीवरचा खरा आक्षेप आहे आणि माझ्याकडे त्याचं पुरतं उत्तर नाही. एक शक्यता अशी की शिवी भाषेसोबत येते आणि भाषा आजूबाजूच्या सगळ्यांची एकच असते. घरातली चाल वेगळी असली तरी बाजारातली शिवी तीच राहते. पण हे खरं असेल तर घरात तरी हाक वेगळी असायला हवी. हैदराबाद किंवा औरंगाबादकडचं दखनी बोलणारं कुणी असेल तर सांगा, तेलुगू-मराठीच्या शेजाराने तिथे मेहुण्याला मित्रासारखी हाक मारतात का?

पैठणीचा_पदर

आणि कोकणस्थांत मामाची मुलगी चालत नाही, पण कानपिळी तिथेही होते. माझ्या मावशीच्या घरी मी स्वतः पाहिली. मग तिथे ती कुठून आली?

ओसरीवरून

बहुधा शेजारून. देशस्थ ऋग्वेद्यांत मामाची मुलगी चालते, आणि लग्नाचे विधी जाती एकमेकींकडून उचलतात. पण कानपिळी कोकणस्थांच्या जुन्या लग्नांत होती की नंतर आली, हे कुणाच्या घरच्या जुन्या याद्यांत सापडलं तर कळेल. देण्याघेण्याच्या याद्यांत 'कानपिळ्याचा पोशाख' अशी नोंद वेगळी लिहीत असत. कुणाकडे पणजोबांच्या काळातली वही असेल तर ती ओळ शोधा आणि सालासकट इथे टाका.

सातारी_पाव्हणं

आजोबांची वही माळ्यावर हाय. रविवारी काढतो.